एकच वाट पुन्हा पुन्हा चालणाऱ्या मशीनला तिच्याच चुकीवरून शिकवायचं कसं: इटरेटिव्ह लर्निंग कंट्रोल, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या एकासाठी मी खिशाची खूण काढणारं छोटं टेबल बनवलं. शर्टाचा पुढचा भाग खाली पसरायचा आणि वरून दोन ॲक्सिसवर फिरणारा पेन खिशाच्या तीन बाजू आखणार: १२५ मिमी खाली, ११५ मिमी आडवं, पुन्हा १२५ मिमी वर. दिवसभर हीच एक वाट. पहिल्या दिवशी कटिंग मास्तरांनी त्यांचा पुठ्ठ्याचा फर्मा खुणेवर ठेवून पाहिला आणि म्हणाले, "कोपरा खातंय बगा हे."

खरंच खात होतं. खालचे दोन्ही कोपरे जवळपास पावणेदोन मिमी आत येत होते. कोपऱ्यावर थांबून वळायची सोय नव्हती, कारण पेन क्षणभर थांबला की पांढऱ्या कापडावर शाईचा ठिपका पसरतो. गेन वाढवून पाहिला, तर बेल्ट गुणगुणायला लागला. शेवटी कामी आलं ते इटरेटिव्ह लर्निंग कंट्रोल, म्हणजे आयएलसी: मागच्या फेरीत कुठे किती चुकलं याची नोंद ठेवायची आणि पुढच्या फेरीत त्या जागेवर पोचायच्या आधीच तेवढी दुरुस्ती द्यायची.

ही पद्धत जुनी आहे. जपानमधल्या ओसाका विद्यापीठातले अरिमोतो, कावामुरा आणि मियाझाकी यांनी १९८४ साली रोबोटच्या हातासाठी ती मांडली आणि तिथून तिचा प्रसार झाला. सूत्र एका ओळीचं आहे. पण ती ओळ मशीनवर चालवताना मी ज्या गोष्टीत अडकलो, ती कुणी आधी सांगितली असती तर माझा आठवडा वाचला असता. ती पायरी ४ मध्ये आहे आणि बाकी सगळ्यापेक्षा तिथेच जास्त वेळ द्या.

आधी काय काय जवळ हवं

- प्रत्येक ॲक्सिसला एन्कोडर असलेली सर्व्हो मोटर आणि नीट चालणारा साधा पोझिशन लूप. आयएलसी या लूपच्या वर बसतं, त्याची जागा घेत नाही. लूपच डगमगत असेल तर आधी तो सुधारा.
- होम स्विच, आणि एन्कोडरला इंडेक्स पल्स असेल तर फार चांगलं.
- पुरेशी रॅम असलेला बोर्ड. माझी फेरी ५ सेकंदांची आणि सॅम्पल दर २ मिलिसेकंदांना, म्हणजे एका ॲक्सिसचे २५०० आकडे. आकडे मायक्रॉनमध्ये १६ बिटांत ठेवले की एक तक्ता ५ केबीचा होतो. दोन ॲक्सिसचे दोन दुरुस्तीचे तक्ते आणि चुकीच्या दोन नोंदी मिळून २० केबी. बाकीच्या प्रोग्रॅमलाही जागा लागते, म्हणून ४० केबीच्या वरचाच बोर्ड घ्या.
- लॅपटॉप, त्यावर पायथन, आणि बोर्डाला जोडणारी यूएसबी केबल. हिशेब दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात लॅपटॉपवर होतो, त्यामुळे बोर्डावर ताण येत नाही.
- ग्राफ पेपर, बारीक टोकाचा पेन आणि कटिंगमधून उरलेल्या भरपूर चिंध्या.

१. चूक दर वेळी सारखीच होते ना, ते आधी पाहा

आयएलसी फक्त तीच चूक काढू शकतं जी प्रत्येक फेरीत त्याच जागी, तेवढीच होते. म्हणून काहीही शिकवायच्या आधी मशीन पाच वेळा जशीच्या तशी चालवा आणि पाचही वेळा चुकीची नोंद घ्या. चूक म्हणजे त्या क्षणी जिथे असायला हवं होतं ती जागा वजा एन्कोडरने दाखवलेली जागा.

पाचही आलेख एकावर एक काढा. माझ्या टेबलावर उभ्या बाजूने खाली येताना पेन ३ मिमी मागे राहत होता. हा आकडा कुठून आला ते बघा, म्हणजे नोंद बरोबर आहे की नाही हेही कळेल. वेग होता ९० मिमी प्रति सेकंद आणि पोझिशन लूपचा गेन ३० प्रति सेकंद. साध्या प्रपोर्शनल लूपमध्ये मागे राहण्याचं अंतर म्हणजे वेग भागिले गेन, ९० भागिले ३०, म्हणजे ३ मिमी. सरळ रेषेवर हे डोळ्याला दिसत नाही, कारण पेन रेषेवरच असतो, फक्त उशिरा असतो. कोपऱ्यावर मात्र एक ॲक्सिस आपले उरलेले ३ मिमी पुरे करत असतानाच दुसरी निघालेली असते. कोपरा खाल्ला जातो तो यामुळे.

आता पाच आलेखांमधला एकमेकांतला फरक पाहा. माझ्याकडे तो जास्तीत जास्त ०.०८ मिमी होता. म्हणजे ३ मिमीच्या चुकीतला जवळजवळ सगळा भाग दर वेळी सारखाच होता आणि शिकवण्याजोगा होता. ०.०८ मिमी हा तळ, त्याच्या खाली कितीही शिकवलं तरी जाता येणार नाही. तुमच्या पाच आलेखांतला फरकच मूळ चुकीच्या निम्म्याएवढा निघाला, तर इथेच थांबा आणि सैल पुली, घसरणारा कपलर किंवा ढिला बेल्ट शोधा. दर वेळी वेगळी होणारी चूक शिकवली की पुढच्या फेरीत तिची नुसती भर पडते.

२. सुरुवात प्रत्येक वेळी अगदी सारखी करा

फेरी सुरू होताना मशीन जिथे आणि ज्या अवस्थेत असते, ती दर वेळी तीच हवी. माझ्या पाहण्यातली तीन ठिकाणं सांगतो जिथे हे निसटतं.

पहिलं, होम. नुसत्या लिमिट स्विचवर विसंबू नका. स्विच दिसेपर्यंत हळू या आणि मग एन्कोडरचा इंडेक्स पल्स पकडा. दुसरं, दिशा. सुरुवातीच्या जागेवर नेहमी एकाच बाजूने या. डावीकडून आलात तर बेल्ट एका बाजूला ताणलेला राहतो, उजवीकडून आलात तर दुसऱ्या. तिसरं माझ्याकडून सुटलं होतं आणि ते शोधण्यात एक दुपार गेली: तुमच्या लूपमध्ये इंटिग्रेटर असेल तर प्रत्येक फेरीच्या आधी तो शून्य करा. नाहीतर मागच्या फेरीचा शिल्लक आकडा पुढच्या फेरीच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात झटका देतो, आणि तो झटका दर वेळी वेगळा असतो.

वाटेच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकी ०.३ सेकंद नुसतं उभं राहायची जागा ठेवा, पेन वर उचललेला असताना. पुढे फिल्टर लावताना टोकांना ही मोकळी जागा लागते.

३. वाट मोटरला जमेल अशी आखा

अगदी काटकोनातलं वळण त्याच वेगाने घे असं म्हटलं तर कुठल्याच मोटरला ते जमणार नाही, मग कितीही शिकवा. मी कोपऱ्याला ३ मिमी त्रिज्येची गोलाई दिली. ९० मिमी प्रति सेकंद वेगाने ती घेताना लागणारा त्वरणाचा आकडा म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, साधारण २.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. माझ्या मोटरला तेवढं जमत होतं. खिसा शिवताना ३ मिमीची गोलाई चालते का हे मी मास्तरांनाच विचारलं. त्यांनी फर्म्याचा कोपरा दाखवला. वापरून वापरून तो जवळपास तेवढाच गोल झालेला होता.

तुमच्या मोटरला जमतं का हे कळायला ड्राइव्हच्या आउटपुटचीही नोंद घ्या. कोपऱ्यावर तो आलेख वर जाऊन सपाट झालेला दिसला तर मोटर आपल्या मर्यादेला टेकली आहे. अशा जागी चूक कमी होत नाही, पण तक्त्यातली दुरुस्ती मात्र फेरीमागून फेरी वाढतच जाते. तिथे वेग कमी करा किंवा त्रिज्या वाढवा, दुसरा मार्ग नाही.

४. दुरुस्ती किती आधी द्यायची ते मोजा

ही ती पायरी. सूत्र असं आहे: नवीन तक्ता म्हणजे जुना तक्ता अधिक मागच्या फेरीतल्या चुकीचा काही हिस्सा. तक्त्यातला आकडा त्या क्षणी द्यायच्या जागेत मिळवला जातो. मी हिस्सा निम्मा, म्हणजे ०.५ ठेवला आणि ज्या क्षणी चूक दिसली त्याच क्षणाच्या रकान्यात दुरुस्ती लिहिली.

पहिल्या सात-आठ फेऱ्या सुरेख गेल्या. ३ मिमीची चूक अर्ध्या मिमीच्या आत आली, कोपरा भरून आला. तेवढ्यात एक फोन आला म्हणून मशीन शिकत ठेवून मी बाहेर गेलो. एक फेरी आणि परत होम मिळून १० सेकंद लागत होते. सात-आठ मिनिटांनी आत आलो तेव्हा सगळं टेबल थरथरत होतं आणि पेन सरळ रेषेच्या जागी बारीक नागमोडी काढत होता. बेल्टच्या क्लॅम्पचा एक स्क्रू सैल झाला होता.

यात प्रोग्रॅमची चूक नव्हती. दुरुस्ती आज्ञेत मिळवली तरी तिचा परिणाम पेनपर्यंत पोचायला वेळ लागतो. तो वेळ सगळ्या हालचालींना सारखा नसतो आणि तो सहज मोजता येतो. टेबलाच्या मध्यभागी पेन वर उचलून ठेवा, एका ॲक्सिसला १ मिमी उंचीची साइन लाट द्या आणि एन्कोडरवर तिचा माथा किती उशिरा येतो ते पाहा. माझ्याकडे आलेले आकडे असे:

- ५ हर्ट्झ: उशीर ३९ मिलिसेकंद, लाटेची उंची १ मिमीची सुमारे ०.६६ मिमी
- १० हर्ट्झ: उशीर ३१ मिलिसेकंद, उंची सुमारे ०.३७ मिमी

आता लाटेच्या एका फेऱ्याचा पाव भाग काढा. ५ हर्ट्झच्या लाटेचा फेरा २०० मिलिसेकंदांचा, त्याचा पाव ५०. उशीर ३९, म्हणजे पावाच्या आत. दुरुस्ती थोडी उशिरा पोचते, तरी चुकीच्या विरुद्धच काम करते. १० हर्ट्झच्या लाटेचा फेरा १०० मिलिसेकंदांचा, पाव २५. उशीर ३१, म्हणजे पावाच्या पुढे. खड्डा भरायला पाठवलेली माती पोचेपर्यंत तिथे खड्ड्याऐवजी उंचवटा यायला लागलेला असतो आणि ती त्या उंचवट्यावरच पडते. दुरुस्ती चुकीत भर घालते.

किती भर? माझ्या आकड्यांनी १० हर्ट्झच्या आसपास दर फेरीला साधारण ८ टक्के. ऐकायला कमी वाटतं, पण ८ टक्क्यांनी वाढणारी गोष्ट ९ फेऱ्यांत दुप्पट होते. सुरुवातीला या लाटेचा वाटा ०.०३ मिमीएवढाच असेल, तो ०.०८ च्या तळाखाली दबलेला असतो, कुठल्याच आलेखात दिसत नाही. ४५ फेऱ्यांनी तो जवळपास १ मिमी होतो. त्याच वेळी मोठी, संथ चूक दर फेरीला निम्मी होत असते, म्हणून पहिल्या आठ-दहा फेऱ्यांत सगळं छान चाललंय असंच वाटतं.

उपाय सोपा आहे आणि तो फक्त अशाच, पुन्हा पुन्हा होणाऱ्या कामात करता येतो. मागच्या फेरीची पूर्ण नोंद आपल्या हातात असते, म्हणजे पुढच्या ३० मिलिसेकंदांनी काय चुकणार आहे हेही आपल्याला माहीत असतं. तेव्हा दुरुस्ती ज्या रकान्यात चूक दिसली त्यात न लिहिता १५ रकाने आधी लिहा. १५ गुणिले २, ३० मिलिसेकंद. आता १० हर्ट्झचा उशीर ३१ वजा ३०, म्हणजे १ मिलिसेकंद उरतो. ५ हर्ट्झचा ९ उरतो, आणि तिथे मुभा ५० ची आहे.

हा आकडा संथ लाटेवरून ठरवू नका. सगळ्यात वेगवान ज्या लाटेपर्यंत शिकवायचं आहे तिच्यावरून ठरवा, कारण तिथेच पाव फेरा सगळ्यात लहान असतो. आणि जास्त आधी देणंही तेवढंच वाईट, कारण पाव फेऱ्याचा नियम दोन्ही बाजूंना लागतो. २५ हर्ट्झच्या लाटेचा पाव फेरा फक्त १० मिलिसेकंदांचा. इतक्या वेगवान लाटेला मशीनचा उशीर २० च्या आत येतो, तिथे ३० आधी दिली तर दुरुस्ती दुसऱ्या बाजूने चुकते. म्हणून पुढची पायरी टाळता येत नाही.

५. ज्याचा भरवसा नाही ते तक्त्यात शिरू देऊ नका

ज्या वेगाच्या लाटांपर्यंत आपण उशीर मोजला तेवढंच शिकायचं, त्यावरचं पुसून टाकायचं. त्यासाठी तक्त्यावर लो-पास फिल्टर लावा. मी १२ हर्ट्झ ठेवला.

साधा फिल्टर स्वतः उशीर करतो, आणि आपण आत्ताच उशिराशी झगडून आलो आहोत. म्हणून तक्ता एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे असा दोनदा फिल्टर करा. दोन्ही उशीर एकमेकांना खोडतात. मशीन चालू असताना हे शक्य नाही, पण दोन फेऱ्यांच्या मध्ये सगळा तक्ता समोर असतो, तेव्हा काहीच अडचण नाही. लॅपटॉपवरचा पूर्ण हिशेब एवढाच:

```python
import numpy as np
from scipy.signal import butter, filtfilt

TS, GAIN, LEAD = 0.002, 0.5, 15
b, a = butter(2, 12, fs=1/TS)

def next_table(f, e):
    tail = np.full(LEAD, e[-1])
    e_lead = np.concatenate([e[LEAD:], tail])
    return filtfilt(b, a, f + GAIN * e_lead)
```

`f` म्हणजे आताचा तक्ता, पहिल्या फेरीला सगळे शून्य. `e` म्हणजे त्या फेरीतल्या चुकीची नोंद. दोन्ही ॲक्सिसना हे वेगवेगळं चालवा आणि दोन्हींचा `LEAD` वेगवेगळा मोजा. माझी आडवी ॲक्सिस दुसरीला अंगावर घेऊन फिरते, ती जड आहे.

फिल्टर मूळ वाटेवर लावू नका, फक्त दुरुस्तीच्या तक्त्यावर लावा. नाहीतर कोपरे आपणच गोल करून बसाल. आणि टोकांना ठेवलेली ती ०.३ सेकंदांची मोकळी जागा इथे उपयोगी येते: उलटसुलट फिल्टर टोकाशी थोडा गडबडतो, ती गडबड पेन वर असताना होऊन जाते.

६. शिकवा, पण दर फेरीला दोन आकडे लिहा

शिकवताना टेबलावर चिंधी पसरून पेन खाली ठेवा. कोऱ्या हवेत शिकवलेला तक्ता कापडावर थोडा कमी पडतो, कारण पेनचं घर्षण त्याने पाहिलेलंच नसतं.

दर फेरीनंतर सगळ्यात मोठी चूक लिहा. माझ्या उभ्या ॲक्सिसची वही अशी: सुरुवातीला ३.२ मिमी, पहिल्या दुरुस्तीनंतर १.७, मग ०.९५, चौथ्याला ०.४५, आठव्याला ०.२६, बाराव्याला ०.२४. तिथून पुढे हलेना. यातला काही भाग १२ हर्ट्झच्या वरचा, जो आपण मुद्दाम सोडला, आणि काही भाग पायरी १ मधला तळ.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा: चुकीतला फक्त ८ हर्ट्झच्या वरचा भाग किती आहे. पायरी ४ मधलं संकट एकूण चुकीत दिसायच्या पंधरा-वीस फेऱ्या आधी इथे दिसतं. हा आकडा सलग चार-पाच फेऱ्या चढत असेल तर थांबा, एकूण चूक उतरत असली तरीही. आणि मोठी चूक आतापर्यंतच्या सगळ्यात कमी आकड्याच्या दीडपट झाली तर मशीनने आपणहून थांबावं अशी अट प्रोग्रॅममध्ये टाका. माझा सैल झालेला स्क्रू ही अट असती तर सैल झाला नसता.

आमच्या शेडला लागूनच यंत्रमाग आहेत आणि त्यांचा हादरा जमिनीतून टेबलात येतो. तो आमच्या फेरीशी जुळलेला नसतो, दर वेळी वेगळ्या जागी येतो. माग चालू असताना शिकवायचं असेल तर हिस्सा ०.५ वरून ०.२ करा, किंवा एकाच तक्त्याच्या तीन फेऱ्या चालवून चुकीची सरासरी घ्या आणि मग एकदा दुरुस्ती करा. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. वेळ तिप्पट लागतो, पण तक्ता स्वच्छ येतो.

७. एन्कोडरवर थांबू नका, कागदावर तपासा

पहिल्यांदा ०.२४ मिमी आकडा दिसला तेव्हा मी ग्राफ पेपर लावला, आणि कागदावर कोपऱ्यात चूक भरली ०.६ मिमी. एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर आहे, पेन बेल्टच्या दुसऱ्या टोकाला. वळताना बेल्ट ताणला जातो, पेनचा होल्डर थोडा कलतो, यातलं काहीच एन्कोडरला कळत नाही. आयएलसी जिथे मोजतं तिथलीच चूक काढतं.

मी बेल्टचा ताण वाढवला आणि होल्डरची पट्टी ३ मिमीऐवजी ५ मिमी जाडीची केली. पायरी ४ चं मोजमाप पुन्हा केलं, कारण ताण बदलला की उशीरही बदलतो, आणि कोऱ्या तक्त्यापासून पुन्हा शिकवलं. कागदावरची चूक ०.३ मिमीवर आली. याहून बारीक काम हवं असेल तर पेनच्या गाडीवरच लिनियर स्केल बसवा. लूप मोटरच्या एन्कोडरवरच ठेवा, फक्त शिकण्यासाठीची चूक स्केलवरून घ्या. त्यातही पायरी ४ चा उशीर स्केलवरच मोजायचा, मोटरवर नाही.

८. तक्ता गोठवा आणि नीट नाव देऊन ठेवा

दोन-तीन फेऱ्या आकडा हलला नाही की शिकणं बंद करा आणि तोच तक्ता वापरा. दिवसभर शिकत ठेवायचा मोह होतो. तो आवरा. एखाद्या फेरीत कापडाची घडी पेनखाली आली की ती घडीसुद्धा तक्त्यात उतरते आणि पुढच्या दोन-चार शर्टांवर नसलेल्या घडीची दुरुस्ती होते.

तक्ता त्या एका वाटेचा आणि त्या एका वेगाचा असतो. खिसा ११५ चा १०५ केला किंवा वेग ९० चा ७० केला, तर जुना तक्ता चालत नाही, उलट चुकीच्या जागी ढकलतो. प्रत्येक मापाचा वेगळा तक्ता शिकवा आणि फाइलच्या नावातच माप आणि वेग घाला. माझ्याकडे `pocket_115x125_v90_Y.csv` अशी नावं आहेत. बोर्डाने तक्ता उचलताना निवडलेलं माप नावाशी ताडून पाहावं, जुळलं नाही तर तक्ता शून्य धरून चालावं. तेव्हा कोपरे पुन्हा खाल्ले जातील, पण भलतीकडे रेघ जाणार नाही.

पुन्हा शिकवायचं केव्हा? बेल्ट, पुली, पेन होल्डर यांतलं काही बदललं की पायरी ४ पासून. बाकी रोजच्यासाठी आमचा रिवाज असा आहे की सकाळी चिंधीवर एक फेरी, आणि चूक ०.३५ मिमीच्या वर दिसली तर जुन्या तक्त्यावरूनच पुढे तीन फेऱ्या शिकणं. एप्रिल-मे मध्ये दुपारी शेडचा पत्रा तापतो, रेलवरचं ग्रीस पातळ होतं, आणि सकाळी शिकवलेला तक्ता दुपारी ०.२४ चा ०.४ वर जातो. त्या दोन महिन्यांत जेवणाच्या सुट्टीनंतर आणखी तीन फेऱ्या शिकवतो. अर्धा मिनिट लागतो.

मास्तरांनी आता तोच पुठ्ठ्याचा फर्मा टेबलाच्या कडेला खिळ्यावर अडकवून ठेवला आहे. दर सोमवारी पहिल्या शर्टावर तो ठेवून बघतात आणि कोपऱ्याकडे बोट दाखवून मला विचारतात, "आज किती आलं?" मी वहीतला आकडा सांगतो.